पावसाळ्यात कॉलन्या घटतात आणि आलेल्या सगळ्या पांढऱ्या दिसतात, तेव्हा काय तपासावं

तक्रार दरवर्षी तीच असते, आणि ती जुलैच्या मध्यापासून चवथीच्या सुट्टीपर्यंतच येते. कॅल्शियम क्लोराइडने तयार केलेल्या डीएच५ अल्फाच्या कॉम्पिटंट पेशी, नेहमीचाच हीट शॉक, नेहमीचं पीयूसी१९ प्लाझ्मिड. एरवी ज्या प्लेटवर दोनशेच्या आसपास कॉलन्या येतात तिच्यावर पाच-सहा येतात. लायगेशनच्या प्लेटवर जे काही उगवतं ते सगळं पांढरं असतं. विद्यार्थी खूश होतात, कारण पांढरी कॉलनी म्हणजे इन्सर्ट गेला असं त्यांनी पाठ केलेलं असतं. मग प्लाझ्मिड काढून जेलवर चालवलं की हाती काही लागत नाही.

मी गोव्यातल्या एका महाविद्यालयात एमएस्सीच्या मुलांचं हे प्रात्यक्षिक घेते. दोन पावसाळे आम्ही "हवेचा परिणाम" म्हणून सोडून दिले. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र एक-एक गोष्ट वेगळी करून तपासली. कारण एक नव्हतं, तीन होती, आणि ज्याच्यावर आमचा सर्वांत आधी संशय गेला ते त्यांतलं सर्वांत लहान निघालं. मराठीतून शिकलेली बरीच मुलं याच ठिकाणी अडतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी आमची पद्धत सांगते, म्हणजे पुढचे आकडे कशाचे आहेत ते कळेल. रात्रभर वाढवलेल्या कल्चरचा १ मिली, १०० मिली ताज्या एलबीमध्ये घालायचा आणि ३७ अंशांवर हलवत ओडी ०.३५ ते ०.४ होईपर्यंत वाढवायचा. मग फ्लास्क बर्फात १५ मिनिटं. ४ अंशांवर ४००० आरपीएमला १० मिनिटं फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचं द्रव ओतून टाकायचं, आणि पेलेट थंडगार १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडच्या २० मिलीमध्ये हळुवार मिसळायचा. अर्धा तास बर्फात ठेवून पुन्हा फिरवायचं आणि शेवटी त्याच द्रावणाच्या २ मिलीमध्ये पेशी घ्यायच्या. त्यातल्या १०० मायक्रोलिटरमध्ये १ नॅनोग्रॅम पीयूसी१९, अर्धा तास बर्फ, ४२ अंशांवर ६० सेकंद, परत २ मिनिटं बर्फ. नंतर ९०० मायक्रोलिटर एलबी घालून ३७ अंशांवर एक तास, आणि त्यातले १०० मायक्रोलिटर अँपिसिलिनच्या प्लेटवर.

म्हणजे प्लेटवर प्रत्यक्षात एक दशांश नॅनोग्रॅम डीएनए जातो. तेवढ्यातून २१० कॉलन्या आल्या तर एका मायक्रोग्रॅममागे २१ लाख. कॅल्शियम क्लोराइडच्या साध्या पद्धतीला हा आकडा चांगला आहे. ऑगस्टमधल्या त्या दिवशी ६ कॉलन्या आल्या, म्हणजे ६० हजार. पस्तीस पटींचा फरक, आणि तोही कंट्रोल प्लेटवर. इथेच एक गोष्ट स्पष्ट झाली: दोष निदान केवळ लायगेशनचा नव्हता. न कापलेलं, शाबूत प्लाझ्मिडच जर पेशींत जात नसेल तर लायगेशनवर बोट ठेवण्यात अर्थ नाही. ही कंट्रोल प्लेट लावायला दोन मिनिटं लागतात, आणि तिच्याविना पुढचा सगळा शोध अंधारात चालतो.

दुसरी कंट्रोल प्लेट होती साध्या एलबीची, अँपिसिलिन नसलेली, हीट शॉक दिलेल्या पण डीएनए न घातलेल्या पेशींची. तिच्यावर भरगच्च लॉन आला होता. म्हणजे पेशी जिवंत होत्या, हीट शॉकमध्ये मेल्या नव्हत्या, फक्त डीएनए आत घेत नव्हत्या. तिसरी प्लेट डीएनए न घातलेल्या पेशींचीच, पण अँपिसिलिनवर, ती कोरी. म्हणजे अँपिसिलिन काम करत होतं. या तीन प्लेटींनी तपासाची वाट अरुंद केली: प्रश्न पेशी कॉम्पिटंट होण्याचा होता.

साहजिकच नजर गेली कॅल्शियम क्लोराइडच्या बाटलीकडे. आमच्याकडे निर्जल कॅल्शियम क्लोराइड होतं, डेसिकेटरमध्ये भरतात ते. आपल्याकडे पावसाळ्यात ही बाटली कशी होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. झाकण उघडलं तर वरचे खडे एकमेकांना चिकटलेले, बाटलीच्या खांद्याशी पाण्याचे थेंब, आणि चमचा घातला की ओल्या मिठासारखा आवाज. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी इतक्या जोरात ओढतं की उघड्यावर ठेवलं तर स्वतःच त्या पाण्यात विरघळतं. त्यामुळे तराजूवर १.११ ग्रॅम दिसले तरी त्यात मीठ किती आणि पाणी किती हे तराजू सांगत नाही.

हे मोजायची सोय मात्र कुठल्याही रसायनशास्त्र विभागात असते, कारण पाण्याची कठीणता काढायचं ईडीटीएचं टायट्रेशन बीएस्सीच्या मुलांना येतच असतं. आपलं १०० मिलिमोलर म्हणून केलेलं द्रावण १० मिली घ्यायचं, १०० मिलीपर्यंत पातळ करायचं, आणि त्यातल्या १० मिलीला ०.०१ मोलर ईडीटीए किती लागतं ते पाहायचं. द्रावण खरंच १०० मिलिमोलर असेल तर बरोबर १० मिली लागायला हवं. एक काळजी घ्या. एरिओक्रोम ब्लॅक टी वापरत असाल तर नुसत्या कॅल्शियमबरोबर रंगबदल पुसट होतो. बफरमध्ये थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए असेल तर लालसर रंगातून निळा नीट उमटतो. नाहीतर सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच १२ च्या वर न्यायचा आणि पॅटन-रीडर निर्देशक वापरायचा.

आमच्या द्रावणाला ६.२ मिली लागलं. म्हणजे १०० नव्हे, ६२ मिलिमोलर. हिशेब उलटा केला तर बाटलीतल्या पदार्थाचं दर मोलला वजन १७९ ग्रॅम निघतं. निर्जलचं १११ असतं, दोन पाण्याच्या रेणूंसहचं १४७ आणि सहा रेणूंसहचं २१९. आमची बाटली त्या शेवटच्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पोचली होती.

चोर सापडला असं आम्हाला वाटलं. पण ज्यांनी जुने प्रोटोकॉल वाचलेत त्यांना इथे खटकायला हवं, आणि मलाही ते दुसऱ्या दिवशी खटकलं. अनेक चांगले प्रोटोकॉल ५० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड वापरतात आणि त्यांना लाखांत कॉलन्या मिळतात. मग ६२ मिलिमोलरमुळे पस्तीस पट घट कशी होईल? तरी दुरुस्ती केली. डायहायड्रेटची नवी सीलबंद बाटली फोडली, १०० मिलीला १.४७ ग्रॅम घेतलं, टायट्रेशन केलं, ९.९ मिली लागलं. एकाच वेळी १ मोलर साठा करून, गाळून, लहान बाटल्यांत भरून ठेवला, म्हणजे पावसात पुन्हा वजन करायची वेळ येऊ नये. नव्या द्रावणाने केलेल्या पेशींना ११ कॉलन्या आल्या.

६ वरून ११. एका विद्यार्थिनीने "मॅडम, दुप्पट झाल्या" म्हणून लिहूनही घेतलं. पण एवढ्या लहान आकड्यांत ६ आणि ११ यांत फरक आहे असं म्हणता येत नाही. त्याच पेशी पुन्हा दोन प्लेटींवर पसरल्या तरी इतका चढउतार होतो. द्रावण सुधारणं बरोबरच होतं, पण मूळ रोग तिथे नव्हता. ही पायरी मुद्दाम सांगते आहे, कारण बाटली बदलली, थोडं बरं वाटलं आणि शोध थांबला, असं आमच्याही बाबतीत मागच्या पावसाळ्यात झालं होतं.

पुढचा संशय ४२ अंशांवर. वॉटर बाथचा आकडा नव्हे, ट्यूबच्या आतलं तापमान मोजायला हवं. एका ट्यूबमध्ये १०० मायक्रोलिटर पाणी घालून तिच्यात बारीक प्रोब सोडला आणि बर्फातून बाथमध्ये नेली. ती ६० सेकंदांत ४१.५ पर्यंत गेली, आणि तिथे आम्हाला दोष दिसला नाही. तुमच्याकडे मात्र जाड भिंतीच्या ट्यूब असतील किंवा पाण्याऐवजी कोरडा ब्लॉक असेल तर ही चाचणी जरूर करा. कोरड्या ब्लॉकमध्ये ट्यूब आणि धातू यांच्यात हवेचा थर राहतो आणि पेशींना शॉक नीट बसत नाही. प्रत्येक खाचेत थोडं पाणी घातलं की तो प्रश्न सुटतो.

मग थंडीकडे वळलो. कॅल्शियमचे आयन डीएनएवरचा आणि पेशीच्या बाहेरच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइडवरचा ऋण भार झाकतात, त्यामुळे एकमेकांना दूर ढकलणारे हे दोघे जवळ येऊ शकतात. थंडीत आवरणातली चरबी घट्ट होते, आणि ४२ अंशांवर अचानक नेल्यावर होणारा बदल मोठा असतो. मँडेल आणि हिगा यांनी १९७० मध्ये फाजचा डीएनए याच रीतीने पेशींत घातला आणि १९७२ मध्ये कोहेन, चँग आणि ह्सू यांनी प्लाझ्मिडसाठी ती वापरली. तेव्हापासून "थंड ठेवा" हे वाक्य प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये आहे. कॅल्शियममध्ये आलेल्या पेशी मध्येच गरम झाल्या तर त्या मरत नाहीत, लॉन नीट येतो, पण डीएनए घेण्याची क्षमता जाते. आमच्या प्लेटी नेमकं हेच सांगत होत्या.

बर्फ आमच्याकडे मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यातून येतो, लादी फोडून. मोठ्या तुकड्यांत ट्यूब उभी केली तर तिला दोन-तीन ठिकाणीच बर्फ लागतो, बाकी हवा. त्यामुळे आम्ही बर्फ बारीक करून त्यात थोडं पाणी घालतो, म्हणजे ट्यूबभोवती सगळीकडे शून्य अंशांचा चिखल असतो. तेही तपासलं, ठीक होतं.

राहिलं सेंट्रिफ्यूज. पडद्यावर ४ अंश दिसत होते. पेशींच्या ट्यूबसमोर तोल साधण्यासाठी आम्ही जी ट्यूब ठेवतो तिच्यात मी बर्फातलं थंड पाणी भरलं, १० मिनिटं फिरवलं, आणि बाहेर काढताक्षणी थर्मामीटर घातला. १७ अंश. दुसऱ्या फेरीनंतर १३. पेशी दोन्ही वेळा कॅल्शियमच्या आधी आणि नंतर त्या उबेत बसल्या होत्या.

पडद्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो कप्प्यातल्या हवेचा असतो. ॲल्युमिनियमचा भला जड रोटर मात्र हवेइतक्या लवकर थंड होत नाही. आणि रोटर गरम का होता, याचं उत्तर पावसाळ्यात होतं. एरवी रोटर यंत्रातच असतो आणि यंत्र थंडच ठेवलेलं असतं. पावसाळ्यात हवेतला ओलावा थंड कप्प्यात पाणी होऊन साचतो, धातूला गंज लागतो. म्हणून आमचे लॅब असिस्टंट जुलैपासून रोज संध्याकाळी रोटर काढतात, पुसतात, कपाटावर कापडावर उलटा ठेवतात आणि यंत्राचं झाकण उघडं टाकतात. ते अगदी योग्य करतात. त्यांनी तसं केलं नसतं तर रोटर केव्हाच खराब झाला असता. प्रात्यक्षिकाच्या सकाळी मात्र २८ अंशांवरचा तो रोटर दहा मिनिटं आधी यंत्रात बसायचा, आणि पडदा ४ दाखवतोय म्हणून आम्ही ट्यूब ठेवायचो. चवथीनंतर पाऊस ओसरला की रोटर काढणं थांबायचं आणि पेशी "आपोआप" सुधारायच्या.

उपाय सोपा निघाला. पुसून कोरडा केलेला रोटर आदल्या संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून फ्रिजमध्ये ठेवायचा. पिशवी यासाठी की बाहेर काढल्यावर दव पिशवीवर धरतं, रोटरच्या खाचांत नाही. सकाळी रोटर बसवून ४ अंशांवर रिकामाच दहा मिनिटं फिरवायचा, आणि पहिल्या फेरीनंतर तोलाच्या ट्यूबमधलं पाणी मोजायचं. आता ते ५ अंश येतं. त्याच नव्या कॅल्शियमच्या द्रावणाने, त्याच दिवसाच्या कल्चरमधून केलेल्या पेशींना १८० कॉलन्या आल्या. १८ लाख. ११ वरून १८० हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

मोठा रोटर फ्रिजमध्ये मावत नसेल तर प्रात्यक्षिकापुरते पेशी दीड मिलीच्या ट्यूबमध्ये, लहान मायक्रोफ्यूजमध्ये करा. त्याचा रोटर कुठल्याही फ्रिजमध्ये बसतो. कल्चर कमी मिळेल, पण वर्गाला पुरतं.

आता रंगाचा प्रश्न. पांढऱ्या कॉलन्यांचा घोळ पेशींच्या घोळाहून वेगळा होता, पण दोन्ही एकत्र आल्यामुळे एकाने दुसऱ्याला झाकलं होतं.

त्या पहिल्या, वाईट दिवसाची लायगेशनची प्लेट पाहू. मिठागरातल्या एका जिवाणूच्या जनुकाचा ७५० बेस-पेअरचा तुकडा इकोआरआय आणि हिंडथ्री यांनी कापून पीयूसी१९ मध्ये घातला होता. प्लेट शनिवारी दुपारी इनक्युबेटरमध्ये गेली आणि सोमवारी सकाळी बाहेर आली, म्हणजे चाळीस तासांहून जास्त. वहीत नोंद होती: "२४ कॉलन्या, सर्व पांढऱ्या." प्लेट उजेडासमोर धरली तर दिसत होतं की ५ कॉलन्या मोठ्या, घुमटासारख्या, आणि उरलेल्या १९ टाचणीच्या टोकाएवढ्या, त्या पाचांभोवती कोंडाळं करून बसलेल्या. प्लेटच्या मोकळ्या भागात एकही नाही.

हे सॅटेलाइट कॉलन्यांचं चित्र आहे. प्लाझ्मिड असलेल्या कॉलनीतून बीटा-लॅक्टमेज बाहेर झिरपतं आणि आजूबाजूचं अँपिसिलिन तोडतं. त्या सुरक्षित पट्ट्यात प्लाझ्मिड नसलेल्या पेशी हळूहळू वाढतात. त्यांच्यात लॅकझेडचा तुकडाच नसतो, म्हणून त्या पांढऱ्याच असतात. डीएनए न घातलेली प्लेट तितकेच तास राहूनही कोरी होती, कारण तिथे अँपिसिलिन तोडणारं कुणी नव्हतं. १६ ते १८ तासांत प्लेट काढली असती तर या १९ दिसल्याच नसत्या. शनिवारी प्लेट लावायची असेल तर रविवारी कुणीतरी येऊन ती फ्रिजमध्ये ठेवेल याची सोय आधी करा, नाहीतर लावू नका.

आम्ही सगळ्या २४ कॉलन्या टूथपिकने उचलून अँपिसिलिनच्या ताज्या प्लेटवर चौकोन आखून ठिपक्यांसारख्या लावल्या. १९ उगवल्या नाहीत. ५ उगवल्या.

पण मग या ५ तरी खऱ्या का? त्याही सगळ्या पांढऱ्या होत्या. उत्तर न कापलेल्या पीयूसी१९ च्या प्लेटवर होतं, जी आम्ही फक्त मोजली होती, नीट पाहिली नव्हती. तिच्यावरची प्रत्येक कॉलनी निळी हवी. तिच्यावरच्या सहांपैकी दोन निळ्या होत्या, चार पांढऱ्या. आणि त्या दोन्ही निळ्या प्लेटच्या एकाच काठाला, चंद्रकोरीसारख्या पट्ट्यात होत्या. लायगेशनच्या प्लेटवर तसाच पट्टा होता, फक्त त्यात कॉलनी पडली नव्हती.

एक्स-गॅल सर्वत्र पोचलंच नव्हतं. आम्ही ते ओतलेल्या प्लेटवर पसरवायचो, २० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या साठ्यातले ४० मायक्रोलिटर. कोरड्या प्लेटमध्ये ते काही मिनिटांत मुरतं. ऑगस्टमध्ये प्लेटवर आधीच पाण्याचा थर असतो, झाकणावरून थेंब टपकतात, आणि एक्स-गॅल त्या पाण्यावर तरंगत ट्रे जिकडे कलला असेल तिकडे जमा होतं. त्या काठाला निळं, बाकी सगळीकडे पांढरं. पेशींत लॅकझेड आहे, पण तोडायला एक्स-गॅलच नाही.

म्हणून आता आम्ही एक्स-गॅल पसरवत नाही. आगार ५० अंशांच्या आसपास निवला, फ्लास्क हातात धरवतो इतका, की अँपिसिलिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, एक्स-गॅल ४० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि आयपीटीजी घालून हळू फिरवतो आणि लगेच ओततो. २० मिलीच्या प्लेटला एक्स-गॅल ८०० मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे साठ्यातले तेच ४० मायक्रोलिटर. खर्च वाढत नाही. आगार जास्त गरम असताना अँपिसिलिन घातलं तर ते बिघडतं, तेवढं सांभाळा. ओतलेल्या प्लेटी रात्रभर बाहेर, आणि पेशी पसरण्याआधी ३७ अंशांवर झाकण किंचित तिरपं ठेवून अर्धा तास. पावसाळ्यात हा अर्धा तास गाळू नका. ओल्या प्लेटवर कॉलन्या वाहून एकमेकींत मिसळतात आणि निळ्या-पांढऱ्याची गल्लत आणखी वाढते.

साठ्याबद्दल थोडं. एक्स-गॅल आम्ही डीएमएफमध्ये विरघळवतो, उणे २० अंशांवर, फॉइल गुंडाळून. डीएमएफ तिथे गोठत नाही, त्यामुळे लागेल तेवढं लगेच काढता येतं. डीएमएसओमधलं द्रावण मात्र फ्रिजमध्येही गोठतं आणि पूर्ण वितळल्याशिवाय काढलं तर प्रमाण चुकतं. डीएमएफ पॉलिस्टायरीन विरघळवतं, म्हणून ट्यूब पॉलिप्रोपिलीनची किंवा काचेची, आणि हातात मोजे, काम हुडमध्ये. साठा पिवळट-गुलाबी दिसू लागला की टाकून द्या.

आता त्या ५ कॉलन्यांकडे परत येऊ. नव्या, एक्स-गॅल मिसळलेल्या प्लेटवर त्या रेघा ओढून वाढवल्या. ३ निळ्या झाल्या, २ पांढऱ्या राहिल्या. निळ्या तिन्ही म्हणजे नीट न कापलेलं किंवा इन्सर्ट न घेता पुन्हा बंद झालेलं प्लाझ्मिड, जे पहिल्या प्लेटवर एक्स-गॅल नसल्यामुळे पांढरं दिसलं होतं. पांढऱ्या दोन्हींचं प्लाझ्मिड काढून दोन्ही एन्झाइमांनी कापलं तर जेलवर २.७ किलोबेसच्या आसपास पीयूसी१९ चा पट्टा आणि खाली ७५० चा. वहीतल्या "२४ पांढऱ्या"मधून खऱ्या निघाल्या त्या २.

दुरुस्त केलेल्या पेशी आणि प्लेटी घेऊन तेच लायगेशन पुन्हा लावलं, १७ तासांनी काढलं. ६१ कॉलन्या, त्यांत ३८ पांढऱ्या. १२ उचलल्या, १२ ही अँपिसिलिनवर वाढल्या, १० मध्ये इन्सर्ट होता. उरलेल्या दोनही पांढऱ्याच, पण रिकाम्या. यात नवल नाही: एन्झाइममध्ये न्यूक्लिएजचा अंश असला आणि कापलेल्या टोकाचे एक-दोन बेस कुरतडले गेले की प्लाझ्मिड इन्सर्टशिवाय बंद होऊनही लॅकझेडचं वाचन सरकतं आणि निळा रंग येत नाही. इन्सर्ट नसताना कापलेलं व्हेक्टर आणि लायगेज एवढीच एक प्लेट लावली तर अशा रिकाम्या पांढऱ्या किती येतात ते कळतं. आमच्याकडे त्या प्लेटवर २५ कॉलन्या होत्या, त्यांत ४ पांढऱ्या.

याच्या उलटही घडतं. इन्सर्ट लहान असेल, त्याची लांबी तीनच्या पटीत असेल आणि मध्ये थांबण्याचा कोडॉन नसेल, तर लॅकझेडचा अल्फा तुकडा लांबून का होईना बनतो आणि कॉलनी फिकी निळी दिसते. आमच्या त्या ६१ मध्ये अशा ३ फिक्या होत्या. त्यांचा निर्णय लगेच करू नका. डीएच५ अल्फामध्ये लॅकचा रिप्रेसर जास्त प्रमाणात बनत नाही, त्यामुळे आयपीटीजी कमी पडलं तरी निळा येतो, पण उशिरा. जेएम१०९ सारख्या स्ट्रेनमध्ये आयपीटीजी नसेल तर तो येतच नाही. प्लेट ४ अंशांवर काही तास ठेवली की निळा गडद होतो आणि दुसऱ्या कॉलन्या वाढत नाहीत. आमच्या तिन्ही फिक्या रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर सकाळी बाकीच्यांइतक्याच गडद झाल्या, आणि तिन्हींत इन्सर्ट नव्हता.